‘मले’ की ‘तुले’

सुरेश भटांची दोन गाणी समोर ठेवा. एक ‘केव्हातरी पहाटे’ आणि दुसरं ‘तरुण आहे रात्र अजुनी’. कवी एक, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर, गायिका आशा भोसले. दोन्ही गझला, दोन्हींत रात्र आणि दोन्हींत जवळ कुणीतरी माणूस. तरीही एक गाणं ऐकून माणूस स्वतःशी बोलू लागतो आणि दुसरं ऐकून कुणीतरी आपल्याशी बोलल्यासारखा दचकतो. हे असं का होतं, यावर अकोल्यातल्या एका घरात एक अख्खी दुपार वाद झाला. कोजागिरीचा कार्यक्रम बसवायचा होता आणि यादीत एकाच गाण्यापुरती जागा उरली होती.

वादात दोघं होती. मामा पेटी वाजवतात, त्यांचं अर्धं आयुष्य ऑर्केस्ट्रात गेलं आणि बोलणं अजूनही खणखणीत वऱ्हाडी आहे. त्यांची भाची अमरावतीत मराठी शिकवते आणि गाते. निवेदनाची वही माझ्याकडे होती. सुरेश भट अमरावतीचे, जन्म १५ एप्रिल १९३२ चा, शिक्षण तिथल्याच विदर्भ महाविद्यालयात, एवढं लिहून मी थांबलो होतो. पुढे जे कानावर पडलं ते त्याच वहीत उतरवून घेतलं. माझी लुडबुड मध्ये मध्ये आहे, ती सहन करावी.

मामा : ‘केव्हातरी पहाटे’च ठेवा. कारन सांगू? त्या गझलंत ‘तू’ कुठीच नाही. पाह्य बरं शोधून. पह्यल्या शेरापासून शेवटच्यापर्यंत ‘मी’, ‘मला’, ‘माझा’. ज्याच्यासाठी थे रात गेली, थो मानूस गान्यात येतच नाही.

भाची : येतो की. मिठी सुटली, असं एका शेरात आहे. मिठी एकट्याची असते का, मामा?

मामा : तेच तं म्हनून राह्यलो. मिठी हाय, मिठीतला मानूस नाही. नाव नाही, डोये नाही, आवाज नाही. कवीनं जागा खाली ठेवली. आता त्या जागेवर कोन बसवायचं थे आयकनाऱ्याच्या हाती. तुह्या ‘तरुण आहे’ मंदी जागा भरलेली हाय. तिथं एक झोपलेला बुवा हाय. त्याले उठवून आपला मानूस कसा बसवायचा?

मामांचं म्हणणं वरवरचं नाही. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे एका शेरात ‘मी’ आणि पुढच्यात ‘तू’ असं चाललं तरी कुणी हरकत घेत नाही. इथे मात्र सगळे शेर एकाच रात्रीचे आहेत, अशा गझलेला मुसलसल म्हणतात, आणि एवढ्या एकसंध रचनेत कवीनं ‘तू’ला एकदाही आत घेतलेलं नाही. दुसरी गोष्ट व्याकरणाची. मराठीत ‘मी’ फार काळ लपून राहू शकत नाही. ‘मी गेलो’ म्हटलं की पुरुष, ‘मी गेले’ म्हटलं की बाई. बोलणारा कोण ते क्रियापद सांगून टाकतं. भटांनी या गझलेत ते होऊ दिलेलं नाही. ‘मी’ स्वतः काही करतच नाही. त्याला काही कळत नाही, त्याला काही आठवत नाही, त्याचा श्वास उसवतो. सगळी कामं रात्र करते आणि क्रियापद रात्रीच्या लिंगाला जुळतं. बोलणारा पुरुष की बाई हे गझल संपेपर्यंत उघड होत नाही.

मामा : म्हनूनच मी थे गानं गाऊ शकतो. आशाबाईचं गानं हाय, पन माह्या गळ्यातून निंगालं तरी कोनी हासत नाही. ‘तरुण आहे’ गायला घेतलं अन् ‘राजसा’ म्हनलं, की खालून पोट्टे शिट्ट्या मारतेत.

भाची : मग गाणं चांगलं की तुमच्या सोयीचं? आणि मामा, तुमच्या ‘मी’मध्ये एक गोम आहे. शेवटच्या शेरात तो ‘मी’ कोण निघतो? स्वतःची गाणी विसरलेला, मग रात्रीकडून शेवटची ओळ मिळालेला. म्हणजे कवी. चार शेर तुम्ही म्हणत होतात की हा मीच आहे, हे माझंच झालं. पाचव्यात कवी म्हणतो, थांबा, ही माझी रात्र होती. तुम्हाला त्यानं हळूच खाली उतरवलं.

मामा : (हसून) गझलंचा शेवटचा शेर कवीचाच असते. उर्दूत तं नावासकट असते. थे आयकनाऱ्याले ठाऊक असते.

भाची : असतं, पण मी त्यातून काय दाखवतेय ते बघा. ‘मी’ गाण्यात शिरायला दार मोठं असतं हे खरं. पण आत घर दुसऱ्याचं असतं. ऐकणाऱ्याला प्रत्येक ओळीला ठरवावं लागतं, हे मला लागू आहे का? तारकांचं ठीक, श्वासाचं ठीक, गीतपंक्तींचं? माझ्या कुठल्या गीतपंक्ती?

इथे मामांनी पेटीचा भाता सोडून दिला आणि पान लावायला घेतलं. हरल्याची खूण म्हणता येणार नाही. ऑर्केस्ट्रातली माणसं मध्यंतर घेतात, तसं ते होतं. भाचीनं तेवढ्यात आपली बाजू मांडायला सुरुवात केली.

भाची : आता ‘तरुण आहे’ बघा. गझलेत शेराची पहिली ओळ मोकळी असते आणि दुसरीच्या शेवटी यमक नि रदीफ येतो. ऐकणाऱ्याचा कान दुसऱ्या ओळीच्या टोकाला लागलेला असतो. या गझलेत नेमकं त्या टोकाला काय ठेवलंय? ‘तू’चं क्रियापद आणि पुढे प्रश्न. पहिल्या ओळीत ती आजूबाजूचं सांगते, आकाशात अजून काय काय जागं आहे, तिच्या आत काय उसळतंय. आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाला त्याला विचारते, तू असं का केलंस? प्रत्येक शेरात तेच. दाद देण्याची जागा आणि जाब विचारण्याची जागा एकच आहे. लोक ‘वाह’ म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात त्यांना प्रश्न विचारला गेलेला असतो.

मामा : प्रश्न त्याले हाय. मले कुठी?

भाची : तो झोपलाय, मामा. ज्याला विचारलंय तो ऐकतच नाहीये. मग त्या खोलीत जागं कोण उरलं? ती आणि आपण. प्रश्न त्याच्या अंगावरून जातो आणि जो जागा आहे त्याच्यावर पडतो. गाण्यात त्याचं उत्तरही नाही. तो ‘हूं’सुद्धा करत नाही.

हे ऐकून मी वही खाली ठेवली. प्रेमगीतातला ‘तू’ म्हणजे नेहमी समोरचा, ऐकणारा, लाजणारा माणूस, असं आपण धरून चालतो. इथला ‘तू’ कूस बदलून झोपलेला आहे आणि बोलणारी ते जाणून बोलते आहे. बोलणं ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि ज्याच्यासाठी नाही त्या आपल्यापर्यंत पोचतं. एरवी माणसाला दुसऱ्याच्या खोलीतलं बोलणं ऐकल्याचा संकोच वाटतो. इथे संकोचाबरोबर थोडी अपराधी भावनाही येते, कारण कधी ना कधी प्रत्येकजण तसा झोपलेला असतो. ‘केव्हातरी पहाटे’ ऐकताना हळहळ वाटते, अपराधी वाटत नाही. तिथे दोष रात्रीवर गेला आहे. रात्र निसटली, रात्रीनं फसवलं. माणसं सुटली.

मामा : तुह्यं म्हननं पटते, पन थोडं. यातलं निम्मं काम चालीचं हाय. हृदयनाथांची चाल त्या प्रश्नापाशी जशी वयते, तशी वयली नसती तं तुहा ‘तू’ कागदावर राह्यला असता.

भाची : बरं, मग चाल बाजूला ठेवू. तुम्ही ‘मलमली तारुण्य माझे’ वाजवता ना?

मामा : ‘घरकुल’मधलं. १९७० चा पिच्चर. सी. रामचंद्रांची चाल, गायलं आशाबाईनंच.

भाची : भटांचंच. आता बोटांवर मोजा. गालगागा, गालगागा, गालगागा, गालगागा. सात मात्रांचे चार तुकडे, अठ्ठावीस मात्रा. व्योमगंगा वृत्त. आता ‘तरुण आहे’ मोजा.

मामांनी मांडीवर ताल धरला. ‘गा’ म्हणजे दोन मात्रांचा गुरू, ‘ल’ म्हणजे एका मात्रेचा लघु. ‘तरुण’मधली पहिली दोन लघु अक्षरं एका गुरूच्या जागी बसतात, बाकी सगळं तेच. अठ्ठावीसच. (‘केव्हातरी पहाटे’ वेगळ्या वृत्तात आहे, आनंदकंदात, चोवीस मात्रा. भटांच्या ‘गझलेची बाराखडी’वर हात बसलेल्यांना हे सांगायला नको.)

भाची : वृत्त एक, कवी एक, आवाज एक. दोन्हींत बाई पुरुषाला ‘तू’ म्हणते. दोन्हींत राजसा आहे. आता दोन्ही चालीविना वाचा, वर्तमानपत्र वाचतो तसं. एकात ‘तू’पुढे क्रियापद ‘-आवे’चं आहे. तू पांघरावंस, तू गुंतवावंस. ते अजून घडायचंय, इच्छा आहे, विनवणी आहे. दुसऱ्यात ‘-लास’ आहे. तू निजलास, तू वळलास. ते घडून गेलंय. ‘तू’ तोच, पण एकात त्याला बोलावलंय आणि दुसऱ्यात पकडलंय. चाल नसतानाही फरक राहतो की नाही?

मामा : राह्यते. पन मंग हे ‘तू’चं काम नाही झालं, काळाचं झालं. तूच म्हनाली, एकात व्हायचं हाय, एकात होऊन गेलं.

हा मुद्दा भाचीनं मान्य केला आणि माझ्या मते इथेच वाद खरा रंगला. ‘मी’ गाणं आणि ‘तू’ गाणं अशी दोन खाती पाडून भागत नाही. ‘तू’बरोबर भविष्य आलं की आर्जव होतं, भूतकाळ आला की तक्रार होते, आज्ञार्थ आला की लाड किंवा हुकूम होतो. ‘मी’चं तसं नाही. ‘मी येईन’ आणि ‘मी आले’ यांत वेळ बदलते, पण बोलणारी स्वतःबद्दलच बोलत राहते, तिचा सूर एवढा पालटत नाही. दुसऱ्या पुरुषात क्रियापदाला धार असते, कारण ते कुणाच्या तरी अंगावर जातं.

भाचीनं मग वर्गात करते तो प्रयोग करून दाखवला. कवितेची ओळ घ्यायची नाही, साधं वाक्य घ्यायचं आणि फक्त पुरुष बदलायचा.

भाची : ‘रात्र सरली, मला कळलंच नाही.’ कसं वाटतं?

मामा : सुखाचं. झोप लागली होती, नाही तं गप्पा रंगल्या होत्या.

भाची : आता एकच अक्षर बदलते. ‘रात्र सरली, तुला कळलंच नाही.’

मामा : अरे बाप रे. भांडन.

भाची : आता उलटं. ‘तू झोपलास का?’ याचं करा ‘मी झोपले का?’

मामा : येड लागल्यासारखं वाटते. सोताच सोताले इचारून राह्यली, की मी जागी होतो का नोहतो.

एका ‘म’च्या जागी ‘तु’ आला आणि तृप्तीचं गाऱ्हाणं झालं. दुसऱ्या जोडीत गाऱ्हाण्याचा भ्रम झाला. म्हणजे भटांनी ‘केव्हातरी’ दुसऱ्या पुरुषात लिहिली असती, तर तिच्यातली ती गोड चुकचुक उरली नसती, आणि ‘तरुण आहे’ पहिल्या पुरुषात लिहिली असती तर नुसतं जागरण उरलं असतं. हा प्रयोग कुणीही घरी करून पाहावा, कुठल्याही प्रेमगीतावर. ज्या गाण्यात पुरुष बदलूनही काही बिघडत नाही, त्या गाण्यात ‘मी’ किंवा ‘तू’ नुसता वृत्तात बसतो म्हणून आलेला असतो. अशी गाणी आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.

भाचीनं मग बाहेरचा एक दाखला काढला. ग्रँट पॅकार्ड आणि जोना बर्जर या दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये इंग्रजी गाण्यांचे शब्द मोजून असं दाखवलं की ज्या गाण्यांत ‘तू’ जास्त, ती लोकांना जास्त आवडतात. त्यांनी दिलेलं कारण असं की तसं गाणं ऐकताना ऐकणाऱ्याला आपल्या आयुष्यातलं कुणीतरी आठवतं.

मामा : म्हंजे आयकनारा ‘तू’ होत नाही. थो ‘मी’च राह्यते अन् ‘तू’च्या जागी आपलं मानूस बसवते. मंग तुही गोष्ट उलटी झाली का नाही? तू म्हनत होती, प्रश्न आयकनाऱ्यावर पडते.

भाची : तेच सांगत होते. त्यांचा ‘तू’ बहुतेक कर्म असतो. मी तुला असं करीन, मला तू हवास, या जातीचा. ‘तू’ काही करत नाही, त्याच्यावर प्रेम केलं जातं. त्यांनाही परिणाम दिसला तो अशाच ‘तू’चा. तिथे तुमचं म्हणणं खरं, आपण ‘मी’ होतो आणि समोर कुणाला तरी बसवतो. पण भटांच्या गझलेत ‘तू’ कर्ता आहे. त्यानंच कूस बदलली. कर्ता झालेल्या ‘तू’च्या जागी दुसऱ्याला बसवणं सोपं नाही, तिथे माणूस आधी स्वतःला तपासतो.

मामा : अन् मराठी गान्यात ‘तू’ मोजतान कसे? ‘आलास’ म्हनलं की ‘तू’ आलाच त्याच्यात. वरून ‘रे’ हाय, ‘गं’ हाय. ‘मेंदीच्या पानावर’ घे, ओळीओळीले ‘गं’ येते. शब्द मोजनाऱ्याच्या हाती काय लागन?

भाचीला याचं उत्तर नव्हतं आणि तिनं शोधलंही नाही. मराठीत दुसरा पुरुष क्रियापदाच्या शेपटीत बसतो, आणि ‘रे’, ‘गं’ तर सर्वनामं नव्हेतच, तरी सगळं नातं तेच ठरवतात. ‘गं’ आला की बाई बाईशी बोलते आहे किंवा पुरुष बाईशी. ‘रे’ आला की समोर पुरुष. इंग्रजी ‘तू’ला हा तपशील नसतो, म्हणून तो कुणालाही लागू होतो. आपला ‘तू’ नेमका असतो. नेमका असल्यानं लागतो जोरात, पण थोड्यांना.

यावरून बोलणं मामांच्या त्या शिट्ट्यांवर परत आलं. पुरुषानं हे गाणं गावं का? भाचीचं म्हणणं, बेलाशक. ठुमरी गाणारे मोठमोठे उस्ताद पिढ्यान्‌पिढ्या बाईचा ‘मी’ गात आले. रामजोशी, होनाजी बाळा यांनी बाईच्या तोंडच्या लावण्या लिहिल्या. भट स्वतः पुरुषच होते. मामांचं म्हणणं, लिहिनं येगळं, गानं येगळं, अन् ठुमरी आयकाले येनारा कानाची तयारी करून येते. त्यांची खरी अडचण ‘राजसा’ची कमी आणि एका क्रियापदाची जास्त होती. त्या गझलेत एके जागी बोलणारी स्वतःबद्दल बाईचं क्रियापद वापरते. तिथे पुरुषाचा गळा उघडा पडतो.

भाची : पण मामा, वऱ्हाडीत ही अडचण आहे का? आजी काय म्हणायची? ‘मी येतो’, ‘मी जातो’. माझी आई अजून म्हणते. आत्ता तुम्हीच त्या बाईच्या तोंडी ‘जागी होतो’ घातलंत. पुण्याच्या मैत्रिणी मला हसायच्या, तुमच्याकडे बायका पुरुषासारख्या बोलतात म्हणून.

मामा : खरं हाय. आपल्याइकडं ‘मी’ले बाईमानूस नाही. ‘मी आलो’ बाई बी म्हनते, मानूस बी म्हनते.

म्हणजे जी गोष्ट भटांना ‘केव्हातरी पहाटे’मध्ये क्रियापदं रात्रीकडे वळवून साधावी लागली, ती त्यांच्याच मुलखाच्या बोलीत फुकट मिळत होती. अमरावतीचा कवी, पण गझल लिहिली पुस्तकी मराठीत, जिथे ‘मी’ला लिंग आहे. वऱ्हाडीत लिहिली असती तर ‘तरुण आहे’ मधलं ते एक क्रियापद कुणाच्याही तोंडी बसलं असतं. मग ‘तू’च्या शेपटीवरचा ‘-लास’ आणि तो ‘राजसा’ तेवढे उरले असते, समोरचा पुरुष आहे हे सांगायला. तोटाही झाला असता. ती एक बाई आहे, रात्री पुरुषाला जाब विचारते आहे, हे धाडस त्या एका क्रियापदामुळे स्पष्ट दिसतं. मराठी गाण्यात बाई वाट पाहते, रुसते, लाजते. तिची इच्छा जागी आहे नि तो झोपला, हे ती इतकं सरळ क्वचित बोलते.

मामांनी मध्येच अकोल्याची बाजू सावरली. विठ्ठल वाघांच्या ‘काया मातीत मातीत’मध्ये ना ‘मी’ ना ‘तू’, तिफन चालते, सदाशिव बैल हाकतो नि पार्वती त्याच्या संगं चालते, आणि नवराबायकोचं एवढं प्रेम दुसऱ्या गाण्यात दाखवा, असं त्यांचं आव्हान होतं. भाचीनं ते मान्य करून बाजूला सारलं. तिसऱ्या पुरुषातलं प्रेम लांबून पाहायचं असतं, त्यात कुणी कुणाला काही विचारत नाही, एवढंच म्हणाली. तो विषय तिथेच राहिला, आणि तो वेगळ्या लेखाचा आहे.

भाची : आता शेवटचं विचारते. मामीनं तुम्हाला कधी ‘तू’ म्हटलंय?

मामा : काय बोलतं! ‘अहो’च म्हनते. माह्या मायनं तं बापाले ‘अहो’ बी नाही म्हनलं. ‘आयकलं का’ म्हने, भित्तीकडं पाहून.

भाची : मग ‘तू’ गाण्याची ताकद कुठून येते ते कळलं ना? आपल्या घरांत प्रेमाचा दुसरा पुरुष एकेरी नव्हताच. बाई नवऱ्याला ‘अहो’ म्हणणार, त्याचं नाव उखाण्यात लपवणार. ‘तू’ नि ‘रे’ देवाला, मुलाला, भावाला. ‘विठ्ठला, तू’ म्हणायला हरकत नाही, नवऱ्याला मात्र नाही. त्या बायकांनी रेडिओवर आशाबाईंचं हे गाणं ऐकलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? जो शब्द तोंडातून कधी गेला नाही तो अंधारात, नवरा झोपल्यावर, कुणीतरी आपल्या वतीनं उच्चारतंय. ‘केव्हातरी पहाटे’ची बाई किंवा पुरुष, जे कुणी असेल ते, अनुभव सांगतं. तो अनुभव कुणालाही घेता येतो. ही बाई शब्द उधार देते.

मामा : (पेटी ओढून घेत) पन मंग हे बी म्हन, की आजच्या पोरीले थे उधार नको. त्या नवऱ्याले नावानं हाका मारतेत. तिच्यासाठी थो ‘तू’ साधा झाला. पन्नास वर्सानं तुह्या गान्यातली धार राह्यते का, अन् माह्या गान्यातली राह्यते का? ‘मी’ जुना होत नाही, बाई.

भाची : धार जाईल, मान्य. पण झोपलेला तो असाच झोपून राहील, मामा. तो कुठे जातोय?

एवढ्यात चहा घेऊन मामी आल्या. त्या आतून सगळं ऐकत होत्या हे उघड होतं. कप मामांसमोर ठेवता ठेवता म्हणाल्या, “एवढा इचार कायले करतं गं? मी तं रोजच इचारतो याईले, ‘अहो, निजले का?’ एखांद्या दिवशी हो म्हना, नाही म्हना. तोंडातून अक्षर निंगत नाही. तुमी थेच गानं घ्या, अन् याईले समोर बसवा, पेटी दुसऱ्याले द्या.”